क्लेमच्या आधी, प्रीमियमच्या आधी : आरोग्य विम्याची पॉलिसी कंपनीच्या पोर्टलशी कशी जुळवायची

नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात विम्याचा वेगळा डेस्क असतो. तुम्ही कार्ड देता, तिथला माणूस पॉलिसी नंबर टाकतो आणि पुढचं सगळं त्याच्या स्क्रीनवर जे दिसेल त्यावर ठरतं. तुमच्या कपाटातल्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. म्हणूनच ठरवून करायचं ऑपरेशन असेल किंवा रिन्यूअलची तारीख जवळ आली असेल, तर फाइल आणि पोर्टल एकदा शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवायला हवं. आमच्या घरातल्या आणि नात्यातल्या पॉलिसींचं हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

हा लेख वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच रक्कम असलेल्या, आरोग्य विम्याबद्दल आहे. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीचे नियम वेगळे असतात. तुमची तशी असेल, तर ओळख आणि बँक खातं जुळवण्यापुरतं वाचलं तरी चालेल.

उदाहरण म्हणून मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या काकूंची पॉलिसी घेतो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारी २०२६ मध्ये ठरलं होतं आणि पॉलिसीचं रिन्यूअल १२ फेब्रुवारीला होतं. क्लेम आणि प्रीमियम दोन्ही एकाच महिन्याच्या अंतरात आल्यामुळे जुळवणीत जे जे बघायचं असतं ते जवळजवळ सगळं या एका पॉलिसीत आलं.

आधी हे जवळ ठेवा

- चालू वर्षाचं पॉलिसी शेड्यूल, म्हणजे नावं, तारखा आणि रकमा असलेली पहिली दोन-तीन पानं
- त्यानंतर कंपनीने दिलेली सगळी एन्डॉर्समेंट (दुरुस्तीची पत्रं)
- ग्राहक माहिती पत्रक, ज्याला सगळे सीआयएस म्हणतात
- पॉलिसी पोर्ट करून, म्हणजे एका कंपनीतून दुसरीत हलवून, आणली असेल तर जुन्या कंपनीची सगळ्या वर्षांची शेड्यूल्स
- पॉलिसीतल्या प्रत्येकाचं आधार, आणि प्रपोजरचं, म्हणजे ज्याच्या नावाने पॉलिसी घेतली त्याचं, पॅन आणि बँक पासबुक
- पॉलिसीला जोडलेला मोबाइल, ओटीपीसाठी
- एक कोरा कागद. मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे ‘कागद’ आणि उजवीकडे ‘पोर्टल’ लिहा.

काम शक्यतो कॉम्प्युटरवर करा. मोबाइल ॲपवर बहुतेकदा फक्त सारांश दिसतो आणि ज्या ओळी खऱ्या महत्त्वाच्या त्याच त्यात नसतात.

१. हातातला कागद आजचा आहे का, ते आधी ठरवा

घरोघरी फाइलमध्ये पहिल्या वर्षाची जाड पुस्तिका असते आणि पुढच्या वर्षांच्या पीडीएफ कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पडलेल्या असतात. अशा वेळी पुस्तिका पाहून पोर्टलशी तुलना केली, तर जिथे चूक नाही तिथेही चूक दिसेल.

शेड्यूलवरचा कालावधी बघा. काकूंच्या शेड्यूलवर १२/०२/२०२५ च्या ००:०० पासून ११/०२/२०२६ च्या मध्यरात्रीपर्यंत असं होतं, म्हणजे कागद चालू वर्षाचा. त्यानंतर यूआयएन शोधा. प्रत्येक विमा योजनेला आयआरडीएआय या विमा नियामकाने दिलेला हा क्रमांक शेड्यूलवर किंवा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला असतो. त्यात `V` या अक्षरानंतरचे आकडे योजनेची आवृत्ती सांगतात. पोर्टलवरून जी अटींची पुस्तिका डाउनलोड होते तिच्यावरही यूआयएन असतो. दोन्ही अक्षरशः सारखे हवेत. योजनेचं नाव तेच पण आवृत्ती वेगळी, असं सर्रास दिसतं, आणि आवृत्ती बदलली की प्रतीक्षा कालावधीपासून रूम भाड्यापर्यंत काहीही बदललेलं असू शकतं.

याचं एक उदाहरण प्रतीक्षा कालावधीचंच आहे, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही त्या काळाचं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तो पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असायचा. एप्रिल २०२४ पासून नियामकाने त्याची कमाल मर्यादा ३६ महिने केली. तुमच्या जुन्या पुस्तिकेत ४८ छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, चालू वर्षाचं सीआयएस बघा.

पीडीएफ ईमेलने आली असेल तर कॉम्प्युटरवर उघडून डिजिटल सही बघा. सहीवर प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे कागद बनावट असं लगेच समजू नका. बऱ्याचदा तुमच्या कॉम्प्युटरला त्या प्रमाणपत्राची ओळख नसते इतकंच. पण सहीनंतर फाइलमध्ये बदल झाल्याचा इशारा आला, तर तो कागद बाजूला ठेवा आणि पोर्टलवरून नवीन डाउनलोड करा.

२. पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने जा

कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, शेड्यूलवर छापलेला असतो तोच. मेसेजमधली लिंक किंवा सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरात, दोन्ही टाळा. शंका असेल तर irdai.gov.in वर नोंदणीकृत विमा कंपन्यांची यादी आहे. शेड्यूलवरचा नोंदणी क्रमांक त्या यादीशी जुळवता येतो.

लॉगिन करताना एक अडचण इतक्या घरांत पाहिली आहे की ती आधीच सांगतो. मोबाइल नंबर टाकल्यावर पोर्टल म्हणतं, या नंबरवर कोणतीही पॉलिसी नाही. पॉलिसी असते, पण तिला एजंटचा मोबाइल आणि एजंटचाच ईमेल जोडलेला असतो. एजंट चांगला माणूस असला तरी हे तसंच ठेवू नका. रिन्यूअलची सूचना, क्लेममधली शंकापत्रं, ओटीपी सगळं त्याच्याकडे जातं आणि तो गावाला गेला की तुमचं काम थांबतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला पॉलिसी नंबर आणि प्रपोजरचं केवायसी देऊन नंबर बदलून घ्या. हे करायला कुठलाही प्रीमियम लागत नाही.

लॉगिन झाल्यावर समोर दिसणाऱ्या रंगीत कार्डावर थांबू नका. पॉलिसीचा तपशील, सदस्यांचा तपशील, एन्डॉर्समेंटचा इतिहास आणि डाउनलोड अशा वेगवेगळ्या जागा असतात. प्रत्येक जागा उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. पोर्टलवरची माहिती उद्या बदलू शकते. आज काय दिसत होतं याचा पुरावा नंतर तुमच्याच कामी येतो.

३. ओळखीच्या ओळी : नाव, जन्मतारीख, बँक खातं

नावात आपल्याकडे हमखास गोंधळ असतो. काकूंचं पॉलिसीत नाव मंदा, आधारवर मंदाकिनी. मधलं नाव कुठे पतीचं, कुठे गाळलेलं, लग्नाआधीचं आडनाव पॅनवर तसंच राहिलेलं. डेस्कवर आधार आणि पॉलिसी शेजारी ठेवून बघतात, आणि तिथे फरक निघाला की प्रतिज्ञापत्र आणा म्हणून सांगतात. भरती होण्याच्या दिवशी स्टॅम्प पेपर शोधत फिरण्यापेक्षा महिनाभर आधी एन्डॉर्समेंट करून घेणं कितीतरी सोपं.

जन्मतारीख जास्त काळजीने बघा. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांची शाळेतली तारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. आधारवर कधी १ जून, कधी १ जानेवारी, आणि पॉलिसीत घरच्यांनी सांगितलेली खरी तारीख. वयावर प्रीमियमचा टप्पा ठरतो. काही योजनांत ठरावीक वयानंतर दाखल झालेल्यांना को-पे लागतो, म्हणजे मंजूर रकमेतला ठरलेला टक्का स्वतः भरायचा. त्यामुळे तारखेत वर्ष बदलत असेल तर तो फरक नुसता टायपिंगचा राहत नाही. कागद, पोर्टल आणि आधार तिन्हीकडे एकच तारीख हवी.

बँक खातं कॅशलेस क्लेममध्ये लागत नाही, पण औषधांची आधीची-नंतरची बिलं परत मिळवायची तर पैसे त्यातच येतात. आपल्या भागात एक गोष्ट ताजी आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तिथे खातं असेल तर आयएफएससी आणि खाते क्रमांक नव्या पासबुकावरून पुन्हा जुळवा. आधीच्या वर्षांत विलीन झालेल्या इतर बँकांचंही तसंच.

४. पहिल्या पॉलिसीची तारीख

सगळ्या जुळवणीत एकच ओळ बघायला वेळ असेल, तर ही बघा. शेड्यूलमध्ये प्रत्येक सदस्याच्या नावापुढे एक तारीख असते. कुठे ‘पहिल्यांदा विमा घेतल्याची तारीख’, कुठे ‘इन्सेप्शन डेट’, कुठे ‘सलग विमा असल्यापासून’ अशा मथळ्याखाली. प्रतीक्षा कालावधी या तारखेपासून मोजतात, चालू पॉलिसीच्या सुरुवातीपासून नाही. आणि ती प्रत्येक सदस्यासाठी वेगळी असू शकते, कारण सून नंतर जोडली जाते, आई-वडील नंतर जोडले जातात.

काकूंची गोष्ट अशी होती. पहिली पॉलिसी १२ फेब्रुवारी २०२० ला एका कंपनीकडे घेतली, ३ लाखांची. तीन वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०२३ ला, ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि रक्कम ५ लाख केली. मध्ये एकही दिवसाचा खंड नाही. योजनेत गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे.

शेड्यूलवर काका-काकू दोघांपुढेही १२/०२/२०२० होतं. पोर्टलवर सदस्यांचा तपशील उघडला तर काकांपुढे १२/०२/२०२० आणि काकूंपुढे १२/०२/२०२३.

आता हिशेब करा. २०२० पासून मोजलं तर ३६ महिने फेब्रुवारी २०२३ मध्येच संपले. २०२३ पासून मोजलं तर ११ फेब्रुवारी २०२६ पर्यंत प्रतीक्षा चालू, म्हणजे जानेवारीतलं ऑपरेशन बसतच नाही. डेस्कवरून अर्ज गेला असता तर स्क्रीनवरच्या तारखेप्रमाणे नकार आला असता.

काकू मला म्हणाल्या, “तो दवाखान्यातला पोरगा तर म्हणते का कार्ड आणा, बाकीचं आम्ही पाहून घेतो.” त्या मुलाचं चुकत नव्हतं. त्याला दिसत होतं त्यावर तो बोलत होता.

हे असं का होतं? पोर्टिंगमध्ये जुन्या कंपनीचा इतिहास नव्या कंपनीकडे जातो आणि तिथल्या प्रणालीत तो सदस्यवार भरावा लागतो. प्रपोजरची ओळ नीट भरली जाते, बाकीच्यांच्या ओळीत नव्या पॉलिसीची तारीख आपोआप बसते. म्हणून पोर्ट केलेली पॉलिसी असेल तर प्रपोजर सोडून इतरांच्या तारखा आधी बघा. सदस्य एका पॉलिसीतून काढून दुसरीत टाकला असेल, उदाहरणार्थ मुलगा २५ वर्षांचा झाल्यावर त्याची वेगळी पॉलिसी केली असेल, तर तिथेही हीच चूक शोधा.

या तारखेवर आणखी एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. सलग ६० महिने विमा झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही आजार सांगितला नव्हता’ असं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. याला मोरॅटोरियम म्हणतात. पूर्वी हा काळ ८ वर्षांचा होता, एप्रिल २०२४ पासून ५ वर्षांचा आहे. पोर्ट केलेल्या पॉलिसीत जुन्या कंपनीकडची वर्षंही धरली जातात. काकूंच्या बाबतीत खरी तारीख धरली तर हे संरक्षण फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळालेलं होतं. पोर्टलवरची धरली तर ते २०२८ मध्ये मिळालं असतं.

५. रक्कम : कितीची पॉलिसी आणि त्यातलं आज किती वापरता येतं

पोर्टलवर ठळक अक्षरात ५,००,००० दिसतं. पण वाढवलेल्या रकमेला प्रतीक्षा कालावधी नव्याने लागतो, मोरॅटोरियमसुद्धा वाढवल्या तारखेपासून. काकूंच्या ५ लाखांपैकी जुने ३ लाख आणि त्यावर जमलेला बोनस एवढंच जानेवारीत गुडघ्यासाठी वापरता येत होतं. वरचे २ लाख फेब्रुवारीच्या १२ तारखेपासून. तारीख दुरुस्त झाल्यावरही हे बदलणार नव्हतं. हे घरच्यांना आधीच माहीत असणं बरं, कारण दोन्ही गुडघे एकदम करायचं म्हटलं असतं तर रक्कम पुरली नसती.

शेड्यूलवर रकमेचे असे तुकडे आणि त्यांच्या तारखा दिलेल्या असतात का, ते शोधा. पोर्टलवर सहसा फक्त बेरीज असते. बोनसही वेगळा बघा. तो दर वर्षी शेड्यूलमध्ये लिहिला जातो. मागच्या वर्षी क्लेम झाला नसेल तर या वर्षीचा आकडा किती हवा ते सीआयएसवरून काढून दोन्हीकडे जुळवा. फ्लोटरमध्ये घरातल्या दुसऱ्या कुणी याच वर्षी क्लेम घेतला असेल तर तेवढी रक्कम वजा झालेली असते, ती शिल्लक पोर्टलवरच दिसते, कागदावर नाही.

आता रूम भाड्याची मर्यादा. इथे लोकांच्या खिशाला सगळ्यात जास्त चटका बसतो, म्हणून पूर्ण हिशेब मांडतो. काकूंच्या शेड्यूलवर रूम भाडं दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत असं लिहिलं होतं. पोर्टलच्या सारांशात ही ओळच नव्हती. दवाखान्याने ७,५०० रुपयांची खोली धरून २,६०,००० चा अंदाज दिला होता:

- खोली ४ दिवस : ३०,०००
- सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग : १,२०,०००
- इम्प्लांट : ९०,०००
- औषधं आणि तपासण्या : २०,०००

मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी फक्त खोलीतला फरक कापत नाही. खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात कापते. ५,००० भागिले ७,५०० म्हणजे दोन तृतीयांश. मग खोलीचे ३०,००० ऐवजी २०,००० मिळतात आणि सर्जन-थिएटर-नर्सिंगचे १,२०,००० ऐवजी ८०,०००. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. एकूण मंजूर २,१०,००० आणि घरून ५०,०००. दिवसाला अडीच हजारांनी महाग खोलीची खरी किंमत चार दिवसांत पन्नास हजार पडते.

खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलात ही कपात करता येत नाही. म्हणून अंदाजपत्रक घेताना विचारा की पाच हजारांच्या खोलीत सर्जनची फी किती. काकूंनी दोन खाटांची खोली घेतली आणि हा प्रश्नच मिटला.

६. फरक सापडला तर लेखी दुरुस्ती, फोनवर नाही

कागद आणि पोर्टल वेगळं बोलत असतील तर करार म्हणजे कंपनीने सही करून दिलेला कागद आणि त्यावरची एन्डॉर्समेंट. पोर्टल ही त्याच माहितीची खिडकी आहे. पण तुमचा कागद बरोबर असला म्हणून क्लेमच्या दिवशी वाद घालत बसू नका. पोर्टलवरची चूक आधीच सुधारून घ्या. आणि उलटंही तपासा: पोर्टलवरची माहिती नवी असू शकते, मधल्या काळात निघालेलं एन्डॉर्समेंट तुमच्यापर्यंत पोहोचलंच नसेल.

ग्राहक सेवेला फोन केला तर ‘मॅडम, सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय’ असं उत्तर मिळतं आणि हाती काही राहत नाही. ईमेल करा, नोंदवलेल्या ईमेल पत्त्यावरूनच. आम्ही पाठवलेल्या मजकुराचा गाभा असा होता:

“पॉलिसी क्रमांक अमुक. सदस्य क्रमांक २ यांची पहिल्या विम्याची तारीख शेड्यूलवर १२/०२/२०२० आहे, पोर्टलच्या सदस्य तपशिलात १२/०२/२०२३ दिसते. पॉलिसी पोर्ट होऊन आली असून खंड नाही. सोबत चालू शेड्यूल, आधीच्या कंपनीची २०२०, २०२१ आणि २०२२ ची शेड्यूल्स आणि पोर्टलचा आजचा स्क्रीनशॉट जोडला आहे. प्रणालीतली तारीख दुरुस्त करून लेखी कळवावे. दुरुस्ती टीपीएकडेही पोहोचल्याची खात्री द्यावी.”

शेवटचं वाक्य विसरू नका. अनेक कंपन्यांचे क्लेम टीपीए, म्हणजे बाहेरची क्लेम सांभाळणारी संस्था, बघते. तिच्याकडची माहिती कंपनीच्या पोर्टलपेक्षा वेगळी आणि जुनी असू शकते. दुरुस्ती झाल्यावर कंपनीच्या पोर्टलवर एकदा आणि टीपीएच्या पोर्टलवर किंवा फोनवर एकदा, असं दोनदा बघा. काकूंच्या बाबतीत कंपनीकडे तारीख बदलली होती तेव्हा टीपीएकडे जुनीच होती, पुन्हा मेल केल्यावर ती बदलली.

जुन्या कंपनीची शेड्यूल्स सापडत नसतील तर त्या कंपनीकडे मागा. पॉलिसी बंद झाली तरी नोंदी त्यांच्याकडे असतात. पासबुकात दर वर्षी गेलेल्या प्रीमियमची नोंदही खंड नसल्याचा आधार म्हणून जोडता येते.

कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नाव-पत्ता शेड्यूलमध्ये असतो. तक्रार १४ दिवसांत निकाली काढायची असते. त्याच्या पुढे नियामकाचं तक्रारींचं पोर्टल bimabharosa.irdai.gov.in आहे, फोन १५५२५५. क्लेमचाच वाद असेल आणि कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. नागपूरसाठी लोकपालांचं कार्यालय पुण्याला आहे, पण तक्रार cioins.co.in वरून ऑनलाइन दाखल होते आणि तिला फी नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं.

७. कॅशलेसचा अर्ज जाण्याआधी

जुळवणी झाली की एक पातळ फाइल करा: चालू शेड्यूल, एन्डॉर्समेंट, दुरुस्तीचं उत्तर आणि आधार. डेस्कवर अर्ज भरताना ती समोर ठेवा आणि आजाराचा इतिहास डॉक्टरांनी काय लिहिलाय ते वाचूनच सही करा. ‘गुडघेदुखी दहा वर्षांपासून’ असं सहज लिहिलं जातं. पॉलिसी सहा वर्षांची असेल तर त्या एका ओळीवर शंकापत्र येतं. दुखणं कधी सुरू झालं आणि निदान कधी झालं हे डॉक्टरांना नेमकं आणि खरं सांगा.

हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीच्या कॅशलेसच्या यादीत, आहे का हे त्याच आठवड्यात पोर्टलवर बघा, नुसत्या नावाने नाही तर पत्त्यासकट. सारख्या नावाची दोन हॉस्पिटलं आणि एकाच हॉस्पिटलच्या दोन शाखा, यात एक यादीत असते आणि दुसरी नसते.

नियमाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. ठरवून केलेल्या ऑपरेशनला मात्र दोन-तीन दिवस आधी अर्ज पाठवा, म्हणजे शंकापत्र आलं तरी उत्तर द्यायला वेळ असतो.

८. रिन्यूअलचा प्रीमियम भरण्याआधी

रिन्यूअलची सूचना हातात घ्या आणि तीच पॉलिसी पोर्टलवर उघडा. ‘आत्ताच भरा’ हे बटण दाबण्याआधी चार गोष्टी जुळवा: सदस्य तेच आहेत, विम्याची रक्कम तीच आहे, कालावधी एकाच वर्षाचा आहे (बऱ्याच ठिकाणी दोन किंवा तीन वर्षं आधीच निवडलेली असतात), आणि न मागितलेलं कुठलं ॲड-ऑन टिकमार्क करून ठेवलेलं नाही.

मग रकमेचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, त्याआधी १८ टक्के होता. काकूंनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ३२,००० मूळ प्रीमियम आणि ५,७६० जीएसटी असे ३७,७६० भरले होते. यंदा एकूण रक्कम कमी दिसली म्हणजे कंपनीने प्रीमियम वाढवलाच नाही असं नाही. तुलना मूळ प्रीमियमची मूळ प्रीमियमशी करा. आणि कुणी यंदाही १८ टक्के लावून रक्कम सांगत असेल तर पोर्टलवरचा आकडा बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पैसे फक्त कंपनीच्या पोर्टलवरून किंवा कंपनीच्या नावाच्या चेकने द्या, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. विमा कायद्यातल्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम कंपनीला पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या खात्यात पडलेला पैसा म्हणजे प्रीमियम नव्हे. रोख भरलेल्या प्रीमियमवर आयकरातली वजावटही मिळत नाही.

खात्यातून पैसे गेले आणि पोर्टलवर पॉलिसी दिसत नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक घेऊन कंपनीला मेल करा. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे घडलं तर हातात वेळ नसतो, म्हणून किमान आठवडाभर आधी भरा. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. त्यात भरलं तर सलगता टिकते, पण मधल्या खंडाच्या दिवसांत आजारपण आलं तर त्याचा खर्च मिळत नाही. पोर्टलवर त्या दिवसांतही कधीकधी पॉलिसी ‘सक्रिय’ दिसते, त्या शब्दावर भरवसा ठेवू नका.

पैसे भरल्यावर नवीन शेड्यूल डाउनलोड करा. सुरुवात १२/०२/२०२६ च्या ००:०० पासून हवी, जुनी संपते त्याच मध्यरात्रीपासून. मग सदस्यांच्या तक्त्यात जा आणि मागच्या महिन्यात दुरुस्त करून घेतलेली पहिल्या विम्याची तारीख नव्या वर्षात टिकली आहे का ते बघा. रिन्यूअल होताना जुनी चूक पुन्हा वर येऊ शकते. काकूंच्या नव्या शेड्यूलवर तारीख बरोबर होती, टीपीएच्या कार्डावर दोन दिवस उशिरा आली. चुकली असेल तर सहाव्या पायरीतला तोच मेल, आधीच्या दुरुस्तीचं उत्तर जोडून, त्याच दिवशी पाठवा.